चिठ्ठी द्यायची की पालथी ठेवायची?

उत्तर लिहून झालं होतं. चौकोनी चिठ्ठीवर निळ्या पेनाने ठळक अक्षरांत ‘साडेनऊ पट’. आठव्या गटातल्या मुलीने ती चिठ्ठी दोन बोटांत धरून अर्धी उचलली, शेजारणीकडे पाहिलं आणि पुन्हा बाकावर पालथी ठेवली. “नको गं, चुकलं तर पाच जातील.” मी मनात तीन आकडे मोजले, घंटा वाजवली आणि चिठ्ठ्या घेणं बंद केलं.

प्रश्न दहावीच्या ‘उष्णता’ या धड्यावरचा होता. १०० अंश सेल्सिअसचं १ ग्रॅम पाणी हातावर पडलं, आणि दुसऱ्या वेळी १०० अंशांचीच १ ग्रॅम वाफ हातावर आली, तर वाफ कातडीला पाण्याच्या किती पट उष्णता देईल? शरीराचं तापमान ३७ अंश धरायचं.

पाण्याचं गणित सरळ आहे. १ ग्रॅम पाणी १ अंशाने थंड होताना १ कॅलरी सोडतं, म्हणून १०० वरून ३७ वर येताना ६३ कॅलरी. वाफेचं मात्र आधी पाणी व्हावं लागतं, आणि ते होताना तापमान तसूभरही न बदलता ती ५४० कॅलरी सोडते. हाच तो अप्रकट उष्मा. त्यानंतर तयार झालेलं पाणीही १०० अंशांचंच असतं, तेही ३७ पर्यंत उतरतं आणि आणखी ६३ कॅलरी देतं. एकूण ६०३. म्हणजे पाण्याच्या जवळजवळ साडेनऊ पट. कुकरच्या शिट्टीजवळ हात गेल्यावर जो चटका बसतो, तो एवढा जिव्हारी का लागतो ते या भागाकारात आहे.

त्या मुलीचं उत्तर अचूक होतं. त्याबद्दल तिच्या गटाला शून्य गुण मिळाले, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. पण पालथ्या ठेवलेल्या त्या चिठ्ठीने मला जे सांगितलं, ते कुठलीही उत्तरपत्रिका सांगत नाही. उत्तरपत्रिकेवर दोनच गोष्टी दिसतात, बरोबर आणि चूक. त्या चिठ्ठीवर तिसरी गोष्ट दिसत होती: या मुलीला उत्तर येत होतं, आणि आपल्याला ते येतं याची तिला खात्री नव्हती. ही तिसरी गोष्ट बाहेर काढली ती मी नाही. ‘चुकलं तर वजा पाच’ या एका नियमाने काढली. उजळणीसाठी घेतलेल्या प्रश्नमंजूषेत गुणांचा नियम एवढं सगळं करतो, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी थक्क झाले होते. अजूनही होते.

वाचलेलं आणि आठवलेलं

उजळणी म्हटली की मुलं धडा पुन्हा वाचतात. तिसऱ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटायला लागतात आणि ‘झाला धडा’ असं वाटतं. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली नेमकं हेच ‘वाटणं’ तपासलं. त्यांनी विद्यार्थ्यांना दोन छोटे उतारे दिले, एक सूर्यावरचा आणि दुसरा समुद्री पाणमांजरांवरचा. काही विद्यार्थ्यांनी उतारा चार सत्रांत वाचला. काहींनी तो एकाच सत्रात वाचला आणि नंतर तीन सत्रांत कोऱ्या कागदावर, उतारा न बघता, आठवेल ते लिहून काढलं.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चारही सत्रांत वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के मजकूर आठवला, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत मात्र पारडं उलटलं. चारही सत्रांत वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, एका सत्रात वाचून तीन सत्रांत आठवणाऱ्यांकडे ६१ टक्के. त्याहून विलक्षण भाग पुढे आहे. ‘आठवड्याने तुम्हाला किती आठवेल?’ असं आधीच विचारलं होतं, तेव्हा जास्त विश्वास वाचणाऱ्यांनाच होता. म्हणजे नुसतं वाचन ज्ञानापेक्षा खात्री जास्त वाढवतं.

म्हणून उजळणीच्या फेरीकडून माझ्या दोन अपेक्षा असतात. वर्गातल्या प्रत्येकाने प्रत्येक प्रश्नाला उत्तर आठवायचा खटाटोप करावा, आणि आपली खात्री कितपत खरी आहे हे प्रत्येकाला कळावं. पाठांतराची स्पर्धा घेतली की पहिली अपेक्षा अर्धीमुर्धी पुरी होते. दुसरीसाठी गुणांची रचनाच नीट करावी लागते.

आठ गट, आणि सहासष्टची गंमत

वर्गात ३२ मुलं आहेत. चार-चारांचे आठ गट करायचे. ‘आपापले गट करा’ म्हटलं की हुशार मुलं एका बाकावर गोळा होतात आणि पहिल्या दहा मिनिटांत निकाल लागतो. म्हणून मी मागच्या चाचणीच्या क्रमाने यादी करते आणि ती नागमोडी वाटते. १ ते ८ क्रमांकाची मुलं अनुक्रमे पहिल्या ते आठव्या गटात. मग उलट वळायचं: ९ वा क्रमांक आठव्या गटात, १० वा सातव्यात, असं करत १६ वा पहिल्यात. पुन्हा वळून १७ वा पहिल्यात, आणि शेवटी ३२ वाही पहिल्यात.

आता पहिल्या गटाचे क्रमांक मिळवून बघा. १, १६, १७ आणि ३२. बेरीज ६६. आठव्या गटात ८, ९, २४ आणि २५ आहेत, त्यांचीही बेरीज ६६. मधला कुठलाही गट घ्या, बेरीज ६६ च येते, कारण प्रत्येक वळणावर एका गटाला जेवढं जास्त मिळतं तेवढंच पुढच्या वळणावर कमी होतं. क्रमांकांची बेरीज म्हणजे काही ज्ञानाची बेरीज नव्हे, पण सुरुवात समान करायला एवढं पुरतं. यादी फळ्यावर मात्र लावायची नाही. कोण कितव्या क्रमांकाचा हे मुलांना कळायची गरज नाही.

तीन प्रकार, तीन कामं

४० मिनिटांच्या एका तासात मी तीन प्रकारचे प्रश्न घेते, आणि प्रत्येक प्रकाराचं काम वेगळं असतं.

पहिली फेरी सगळ्यांनी लिहायची. सहा प्रश्न, प्रत्येकाला ४० सेकंद, गटात कुजबुजून ठरवायचं, बरोबर आल्यास ५ गुण, चुकल्यास काही जात नाही. हे धड्याच्या पायाचे प्रश्न असतात. उदाहरणार्थ: ० अंशांचा १ किलो बर्फ फक्त वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता ० अंशांच्या १ किलो पाण्याला दिली तर पाणी किती अंशांपर्यंत तापेल? उत्तर ८०. बर्फ वितळताना ग्रॅमला ८० कॅलरी गिळतो आणि तापमापीचा पारा जागचा हलत नाही. तेवढ्याच उष्णतेत पाणी हात पोळण्याइतकं तापतं. हे उत्तर जाहीर केल्यावर वर्गात क्षणभर शांतता पसरते, ती मला फार आवडते. या फेरीत गट चिठ्ठ्या बदलून एकमेकांच्या तपासतात. एका प्रश्नाला आठही गट बरोबर आले तर पुढच्या वेळी तो प्रश्न काढून टाकते. सातआठ गट चुकले तर तो प्रश्न स्पर्धेचा नाही, माझ्या पुन्हा शिकवण्याचा आहे असं समजते.

दुसरी फेरी पायऱ्यांची. एकाच उत्तराकडे नेणाऱ्या चार खुणा मी एकेक करून वाचते. पहिल्या खुणेवर उत्तर दिलं तर २० गुण, दुसरीवर १५, तिसरीवर १०, चौथीवर ५. प्रत्येक गटाला एकदाच चिठ्ठी देता येते. बरोबर की चूक ते मी शेवटीच सांगते. अशी एक फेरी बघा. पहिली खूण: मी एक तापमान आहे, मला ओलांडल्यावर एक ओळखीचा पदार्थ उलटा वागू लागतो. दुसरी: त्या पदार्थाची घनता माझ्यापाशी सर्वांत जास्त असते. तिसरी: होपच्या उपकरणात गोठणमिश्रण घातल्यावर खालची तापमापी उतरत उतरत माझ्यापाशी येऊन थांबते, आणि मग वरची तापमापी उतरायला लागते. चौथी: थंड प्रदेशात तळं वरून गोठलं तरी तळाशी मासे जगतात ते माझ्यामुळे.

उत्तर ४ अंश सेल्सिअस. खुणांचा क्रम लावताना अवघडाकडून सोप्याकडे उतरायचं एवढंच पुरत नाही. पहिल्या खुणेवर धडा समजलेल्याला विचार करता आला पाहिजे, नुसता अंदाज ठोकता येता कामा नये. मी एकदा चौथी खूण चुकून पहिली वाचली होती. आठही गटांनी तत्काळ चिठ्ठ्या दिल्या आणि वीस-वीस गुण वाटून फेरी संपली. कोणाला किती येतं याचा काही पत्ता लागला नाही.

तिसरी फेरी मुख्य. तिच्यात सहाच प्रश्न असतात, पण वेळ सर्वांत जास्त, पंधरा मिनिटं.

नळावरची रांग

या फेरीत प्रश्न एका गटाला विचारला जातो आणि त्याला आला नाही तर पुढच्या गटाकडे जातो. शाळाशाळांत चालणारी जुनी पद्धत अशी: पहिला प्रश्न पहिल्या गटापासून, दुसरा दुसऱ्यापासून, तिसरा तिसऱ्यापासून. ऐकायला न्याय्य वाटते. पण समजा पाचव्या गटाचं गणित कच्चं आहे. मग पाचव्या गटाकडून सुटलेला प्रत्येक प्रश्न आधी सहाव्या गटाच्या पुढ्यात येतो, आणि त्याचा स्वतःचा प्रश्न तर असतोच. बाकीच्यांना पहिली संधी एकदा, सहाव्याला जणू दोनदा. स्पर्धेचा निकाल बसण्याच्या जागेवर ठरू लागतो.

प्रश्नमंजूषा खेळणाऱ्यांनी यावर जो उपाय काढला त्याला ‘इन्फिनिट बाउन्स’ म्हणतात, आणि तो नळावरच्या रांगेसारखा आहे. ज्याचा हंडा भरला त्याने रांगेच्या शेवटी जायचं. ज्या गटाने बरोबर उत्तर दिलं, त्याच्या पुढच्या गटापासून नवा प्रश्न सुरू होतो. पहिला प्रश्न पहिल्या गटापासून निघाला, पहिला-दुसरा चुकले आणि तिसऱ्याने सांगितलं, तर पुढचा प्रश्न चौथ्यापासून. जुन्या पद्धतीत तो दुसऱ्यापासून निघाला असता आणि तिसरा गट लगेच पुन्हा पुढ्यात असता. आता तो रांगेच्या टोकाला गेला. प्रश्न कोणालाच आला नाही तर नवा प्रश्न जिथून जुना निघाला होता तिथूनच निघतो, कारण सगळ्यांना एकेक संधी मिळून गेली. अर्ध्या प्रश्नांनंतर, म्हणजे तिसऱ्या प्रश्नानंतर, मी दिशा उलटी करते. नशीब पूर्ण जात नाही, पण एकाच शेजाऱ्याच्या चुकांवर कोणी मोठा होत नाही.

झडप

आता नुसत्या बाउन्समध्ये एक खोट राहते. प्रश्न पहिल्या गटाकडे असताना आठवा गट खिडकीबाहेर बघत बसतो. आठवण्याचा खटाटोप चार मुलं करतात आणि अठ्ठावीस नुसती ऐकतात. यासाठी ‘पाउन्स’ नावाचा नियम आहे, आमच्या वर्गात त्याला झडप म्हणतात. प्रश्न ज्याच्या पाळीचा नाही अशा कुठल्याही गटाने लेखी उत्तर देऊन झडप घालावी. बरोबर असेल तर १० गुण, चुकल्यास वजा ५. झडप घातलेल्या गटांना तो प्रश्न पुन्हा मिळत नाही. पाळीने उत्तर देणाऱ्याला बरोबर आल्यास १०, चुकल्यास शून्य.

यात मी एक भर घातली आहे. झडप घालायची असो वा नसो, प्रत्येक गटाने ४५ सेकंदांत चिठ्ठीवर उत्तर लिहायचंच. मग चिठ्ठी माझ्याकडे द्यायची किंवा पालथी ठेवायची. पालथी ठेवली आणि प्रश्न फिरत आपल्याकडे आला, तर चिठ्ठीवर आहे तेच वाचायचं. तास संपल्यावर सगळ्या चिठ्ठ्या मी गोळा करते.

वजा पाचच का? तीन प्रश्नांवर झडप घातली, एक बरोबर आला आणि दोन चुकले, तर १० वजा ५ वजा ५ म्हणजे शून्य. तेव्हा ज्याला ‘तीनदा म्हटलं तर एकदा तरी बरोबर येईल’ एवढीच खात्री आहे, त्याला झडप घालून नफाही नाही, तोटाही नाही. त्याहून खात्री जास्त असेल तर झडप फायद्याची. वजा १० केलं की ही सीमा निम्म्यावर जाते, वजा २० केलं की दोन तृतीयांशावर. मग मुलं धास्तावून चिठ्ठ्या देतच नाहीत. वजा शून्य केलं तर सातही गट डोळे मिटून चिठ्ठ्या देतात आणि त्या चिठ्ठ्यांना काही अर्थ उरत नाही. तो एक आकडा म्हणजे मुलांच्या मनातल्या खात्रीवर बसवलेली मोजपट्टी आहे.

हीच मोजपट्टी या मुलांना पुढे मोठ्या परीक्षांत भेटेल. ‘नीट’मध्ये बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला वजा १ असतात. चार पर्यायांचे चार प्रश्न निव्वळ अंदाजाने सोडवले, तर सरासरीने एक बरोबर आणि तीन चूक, म्हणजे ४ वजा ३, हाती १ उरतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चुकीला प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण जातात, आणि तिथे तोच आंधळा अंदाज सरासरीने शून्यावर येऊन थांबतो.

आमच्या झडपेत आणखी एक बारकावा आहे, आणि आठव्या गटातली ती मुलगी त्यातच अडकली. चिठ्ठी पालथी ठेवणं म्हणजे संधी सोडणं नव्हे. प्रश्न फिरत आपल्यापर्यंत आला तर वजा होण्याची भीती नसताना १० मिळतात. पण तो आला तर. समजा गटाची खात्री निम्मी आहे आणि असे २० प्रश्न आले. वीसही वेळा झडप घातली तर दहा बरोबर, म्हणजे १००, दहा चूक, म्हणजे वजा ५०, हाती ५०. दर वेळी थांबून राहिलं आणि निम्मे प्रश्न आपल्यापर्यंत आले, तर त्या दहांपैकी पाच बरोबर. हाती पुन्हा ५०. तंतोतंत सारखं. पण पाळीच्या गटाला लागूनच बसलेल्या गटाकडे वीसांतले अठरा प्रश्न येत असतील, तर थांबून नऊ बरोबर येतात आणि ९० मिळतात. त्याने थांबावं. रांगेच्या टोकाशी बसलेल्याकडे वीसांतले चारच येत असतील, तर थांबून फक्त २० मिळतात. त्याने झडप घालावी. खात्री तेवढीच, ज्ञान तेवढंच, फक्त जागा वेगळी, आणि शहाणा निर्णय उलटा.

वाफेचा प्रश्न पहिल्या गटापासून निघाला होता. आठवा गट रांगेत सर्वांत शेवटी.

त्या एका प्रश्नाचा हिशोब

त्या प्रश्नावर काय काय झालं ते क्रमाने सांगते. दुसऱ्या, तिसऱ्या, सहाव्या आणि सातव्या गटाने झडप घातली. चौथ्या, पाचव्या आणि आठव्याने चिठ्ठ्या पालथ्या ठेवल्या. पाळी पहिल्या गटाची, त्यांनी सांगितलं ‘साडेआठ पट’. चूक, शून्य. दुसरा आणि तिसरा गट झडपेत गेलेले, म्हणून प्रश्न चौथ्याकडे: ‘साडेपाच पट’. चूक, शून्य. पाचव्याने वाचलं, ‘साडेनऊ पट’. बरोबर, १० गुण. प्रश्न तिथेच थांबला, आठव्यापर्यंत पोचलाच नाही. मग मी झडपेच्या चिठ्ठ्या उघडल्या. दुसरा आणि सातवा बरोबर, १०-१०. तिसरा आणि सहावा, दोघांचंही ‘साडेआठ पट’, वजा ५-५. पुढचा प्रश्न सहाव्या गटापासून.

साध्या चाचणीत हा निकाल ‘चार बरोबर, चार चूक’ एवढाच लागला असता. चिठ्ठ्यांनी त्याचे वेगळे कप्पे केले. दुसरा आणि सातवा: येतं, आणि येतं हे माहीत आहे. पाचवा आणि आठवा: येतं, पण भरवसा नाही. चौथा: येत नाही, आणि तेही माहीत आहे. तिसरा आणि सहावा: येत नाही, पण येतं असं वाटतं. पहिल्या गटाला निवडच नव्हती, म्हणून तो कप्प्यांच्या बाहेर.

आता चुका बघा. साडेपाच पट कुठून आलं? ५४० ला थेट १०० ने भागलं. शरीर ३७ अंशांवर आहे हेच सुटलं. साडेआठ पट कुठून? ५४० ला ६३ ने भागलं. ही चूक फार सुंदर आहे, कारण तिच्यात जवळपास सगळं बरोबर आहे. वाफेचं पाणी होताना ५४० कॅलरी निघतात हे ठाऊक आहे, पाण्याचे ६३ ठाऊक आहेत. एवढंच निसटलं की वाफेचं जे पाणी झालं तेही अजून १०० अंशांचं आहे, आणि तेही थंड होणार आहे. ‘वाफ संपली’ असं समजून मुलांनी हिशोब बंद केला. तीन गटांनी एकच चूक केली, म्हणजे ती त्यांची नव्हे, माझ्या शिकवण्यातली फट होती.

आणि त्यातही तिसरा आणि सहावा गट मला सर्वांत मोलाचे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ब्रेडी बटरफिल्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवलं, की ज्या चुका माणूस पक्क्या खात्रीने करतो, त्या उत्तर कळल्यावर डळमळीत चुकांपेक्षा जास्त सहज दुरुस्त होतात. तर्काने उलटं वाटतं. पक्का समज मोडायला अवघड असायला हवा. पण खात्री असताना चुकलं की माणूस दचकतो, आणि दचकलेलं लक्ष बरोबर उत्तर घट्ट धरतं. अर्थात ते उत्तर समोर आलं तरच. म्हणून ‘वजा ५’ म्हणून पुढे पळायचं नाही. त्याच क्षणी फळ्यावर ५४० च्या शेजारी अधिक ६३ लिहायचे. यासाठीच सहा प्रश्नांना पंधरा मिनिटं लागतात.

कुठे बिनसतं

दोन गोष्टी हमखास बिनसतात. एक म्हणजे गटातलं एकच मूल लिहितं आणि तिघं बघतात. हे ओळखायला चिठ्ठ्यांवरचं अक्षर पुरतं. सहाही चिठ्ठ्या एकाच हाताच्या असतील तर तो गट नसून एक विद्यार्थी आहे. म्हणून लिहिणारा दर प्रश्नाला बदलतो, आणि लिहिणाऱ्याला पटल्याशिवाय त्याने लिहायचं नाही. ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर १९६२ साली सुरू झालेल्या ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’मध्ये हा तोल फार सुरेख साधला आहे. तिथे सुरुवातीचा १० गुणांचा प्रश्न एकट्याने, कोणाशी न बोलता सोडवायचा. तो सुटला तर गटाला मिळून विचार करायला ५-५ गुणांचे तीन प्रश्न मिळतात. प्रश्न पूर्ण होण्याआधी घंटी दाबून चुकलं तर तिथेही वजा ५ च.

दुसरी गोष्ट गुणफलकाची. शेवटच्या प्रश्नाला थोडक्यात मागे असलेला गट खात्री असो वा नसो, झडप घालतोच, आणि आघाडीचा गट खात्री असूनही चिठ्ठी पालथी ठेवतो. दोघांचंही खेळ म्हणून बरोबर आहे, पण चिठ्ठ्या आता ज्ञानाबद्दल नाही, गुणफलकाबद्दल बोलू लागतात. म्हणून तिसऱ्या फेरीचे गुण मी फळ्यावर लिहीत नाही. वहीत मांडते आणि तास संपताना एकदम वाचते.

बरोबरी झाली तर एकच प्रश्न, पेन खाली ठेवून, वीस सेकंदांत, सर्वांत जवळचा आकडा जिंकेल: ० अंशांच्या १ ग्रॅम बर्फाची १०० अंशांची वाफ करायला एकूण किती कॅलरी लागतील? वितळायला ८०, तापायला १००, वाफ व्हायला ५४०. ७२० हा एक आकडा, आणि त्यात सबंध धडा बसलेला.

त्या दिवशी तास संपल्यावर आठव्या गटातली ती मुलगी चिठ्ठ्या द्यायला टेबलाशी आली. आपली पालथी चिठ्ठी तिने सगळ्यांत वर ठेवली होती. “बाई, मला उत्तर येत होतं,” ती म्हणाली, “फक्त येतंय हे माहीत नव्हतं.” मी तिला ६६ ची नाही, पण रांगेची गंमत सांगितली: तू सर्वांत शेवटी बसली होतीस, प्रश्न तुझ्यापर्यंत यायची शक्यता फारच कमी होती, तीनांत एकदा बरोबर येण्याहून जराशी जास्त खात्री असती तरी देऊन टाकायची. तिने बोटांवर १०, ५, ५ मोजलं, चिठ्ठी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर तो हिशोब लिहिला, आणि चिठ्ठी मला न देता कंपासपेटीत ठेवून दिली.